वीस टक्क्यांच्या मालकाचा करार

भागधारक करार म्हणजे कंपनीच्या मालकांनी आपापसांत केलेला करार. कंपनीचा कारभार कोणी पाहायचा, कोणत्या निर्णयाला कोणाची संमती लागेल, शेअर कोणाला विकता येतील आणि पैसे घालणाऱ्याने शेवटी बाहेर कसे पडायचे, हे त्यात ठरते. बहुमत हाती असलेल्याला या कराराची फारशी निकड नसते, कारण कंपनी कायदाच बहुमताच्या बाजूने चालतो. साधारण ठराव निम्म्याहून अधिक मतांनी होतो. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते लागतात, म्हणजे झालेल्या मतदानाच्या 75 टक्के. एखाद्याकडे 25 टक्क्यांहून अधिक शेअर असतील तर तो निदान विशेष ठराव अडवू शकतो. त्याहून कमी हिस्सा असणाऱ्याला 2013 चा कंपनी कायदा फार थोडे देतो. दहा टक्के भांडवल असले तर अन्याय आणि गैरव्यवस्थापनाची तक्रार घेऊन राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येते, पण तो नुकसान झाल्यानंतरचा आणि बराच लांबचा रस्ता आहे.

म्हणून अल्पहिस्सा घेणारा गुंतवणूकदार पैसे देण्याआधी करार मागतो. हा करार साठ-सत्तर पानांचा तरी असतो आणि तो अथपासून इतिपर्यंत वाचणारा गुंतवणूकदार विरळा. त्याच्या हाती वकिलाने किंवा सनदी लेखापालाने काढलेला चार पानी सारांश येतो. या सारांशात बहुधा कलमांची नावे असतात: एक संचालक नेमण्याचा हक्क आहे, बावीस बाबींवर नकाराधिकार आहे, टॅग अलाँग आहे, पाच वर्षांनी एक्झिट आहे. यात खोटे काही नसते, पण उपयोगाचेही फारसे नसते. प्रत्येक हक्क कशाने सुरू होतो, कशाने संपतो, कोणावर बंधनकारक आहे आणि मोडला तर पुढे काय, हे कळल्याशिवाय त्याची किंमत ठरत नाही. आणि यांची उत्तरे त्या हक्काच्या कलमात क्वचितच सापडतात. ती व्याख्यांच्या पानांवर, शेवटच्या परिशिष्टात किंवा करार संपुष्टात येण्याच्या कलमात असतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालणे सोयीचे ठरेल. चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक काल्पनिक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तिचे एकूण शेअर 10 लाख. त्यातले 8 लाख प्रवर्तक कुटुंबाकडे आहेत. उरलेले 2 लाख शेअर एका गुंतवणूकदाराने प्रत्येकी 300 रुपयांना, म्हणजे 6 कोटी रुपये घालून घेतले. त्याचा हिस्सा 20 टक्के झाला. प्रवर्तकांचे 80 टक्के म्हणजे 75 च्या वरच, तेव्हा साधारण असो की विशेष, कोणताही ठराव ते एकट्याने मंजूर करू शकतात.

आधी संचालक मंडळ. मंडळात पाच जागा आहेत आणि करारानुसार चार प्रवर्तकांच्या, एक गुंतवणूकदाराची. हिश्शाच्या प्रमाणात मंडळावर जागा मिळणे हा कायद्याने आपोआप येणारा हक्क नाही. टाटा सन्सच्या खटल्यात हे अगदी ठळकपणे दिसले. शापूरजी पालनजी समूहाकडे टाटा सन्सचे 18.37 टक्के समभाग होते. पण मंडळावर प्रतिनिधी नेमण्याचा हक्क त्यांना नियमावलीने दिलेला नव्हता, आणि तसा वेगळा करारही नव्हता. त्याउलट टाटा ट्रस्टांना एक तृतीयांश संचालक नेमण्याचा हक्क होता, आणि त्यांनी नेमलेल्या संचालकांच्या बहुसंख्येचा होकार महत्त्वाच्या निर्णयांना लागे. सायरस मिस्त्री यांना ऑक्टोबर 2016 मध्ये अध्यक्षपदावरून आणि फेब्रुवारी 2017 मध्ये संचालकपदावरून दूर करण्यात आले. 26 मार्च 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने टाटा सन्सच्या बाजूने कौल दिला आणि करार किंवा नियमावलीत तसे नसेल तर खासगी कंपनीतल्या अल्पसंख्य भागधारकाला प्रमाणशीर प्रतिनिधित्व मागता येत नाही, हे स्पष्ट केले. देशातल्या बड्या उद्योगघराण्यालाही हिस्सा मोठा आणि हक्क तोकडे अशा स्थितीत राहावे लागले. ही गोष्ट लहान गुंतवणूकदाराने विसरू नये.

चाकणच्या कंपनीत एक जागा मिळाली खरी, पण पाचातले एक मत कशालाच पुरत नाही. या जागेचा खरा उपयोग म्हणजे माहिती वेळेवर मिळणे आणि गणपूर्तीत स्थान असणे. कायद्याने मंडळाची गणपूर्ती एकूण संचालकांच्या एक तृतीयांश किंवा दोन, यांतील जी संख्या मोठी ती. पाच जणांच्या मंडळात दोघे आले की सभा भरते, म्हणजे प्रवर्तकांचे दोन संचालक पुरेसे. म्हणून गुंतवणूकदाराचा संचालक हजर असल्याशिवाय गणपूर्ती होणार नाही, असे करारात लिहितात. त्याच्या पुढचे वाक्य मात्र सारांशात हटकून गाळले जाते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर आठवड्याने त्याच वेळी, त्याच ठिकाणी ती पुन्हा भरेल आणि तेव्हा जे हजर असतील त्यांचीच गणपूर्ती मानली जाईल, असे ते वाक्य असते. त्यात काही चूक नाही, नाहीतर एक रुसलेला संचालक कंपनी बंद पाडेल. पण त्या तहकूब सभेत राखीव बाबींवर निर्णय होणार नाही आणि मूळ विषयपत्रिकेबाहेरचा विषय घेतला जाणार नाही, हे दोन अपवाद तिथे आहेत का, हे पाहावेच लागते. नसतील तर गणपूर्तीच्या हक्काने जास्तीत जास्त आठवडाभराची मुदत मिळते, एवढेच.

दुसरी पळवाट आहे फिरत्या ठरावाची. सभा न भरवता ठरावाचा कागद संचालकांकडे पाठवून बहुसंख्यांच्या सह्यांवर तो मंजूर करून घेण्याची मुभा कायदा देतो. एक तृतीयांश संचालकांनी मागणी केली तर विषय सभेतच घ्यावा लागतो, पण पाचात एक म्हणजे एक तृतीयांश नव्हे. त्यामुळे राखीव बाबींवर फिरता ठराव चालणार नाही, असे करारातच असावे लागते. तसेच मंडळाच्या उपसमित्या आणि उपकंपन्यांची मंडळे. खरेदी, कर्ज, नेमणुका यांचे अधिकार एखाद्या समितीकडे दिले आणि त्या समितीत गुंतवणूकदाराचा माणूस नसला, तर मुख्य मंडळावरची जागा शोभेची राहते.

संचालकाला काढण्याचा प्रश्न वेगळाच. सभासदांनी साधारण ठरावाने संचालक काढावा, ही कायद्याने दिलेली ताकद आहे आणि 80 टक्के मतांपुढे ती सहज वापरता येते. म्हणून गुंतवणूकदाराने नेमलेल्या संचालकाला फक्त गुंतवणूकदाराच्याच सांगण्यावरून काढता येईल, आणि प्रवर्तक त्याविरुद्ध मत देणार नाहीत, असे वचन करारात घेतले जाते.

आता या सगळ्या हक्कांच्या मुळावर येणारे कलम. त्याला वकिली बोलीत फॉल-अवे म्हणतात. गुंतवणूकदाराचा हिस्सा पूर्ण डायल्यूटेड पायावर 15 टक्क्यांहून कमी झाला तर संचालक नेमण्याचा हक्क आणि नकाराधिकार संपतील, असे ते असते. पूर्ण डायल्यूटेड म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखलेले शेअर पर्याय, परिवर्तनीय रोखे वगैरे सगळे आजच शेअर झाले आहेत असे धरून. वाचताना वाटते की आपण शेअर विकलेच नाहीत तर हे कलम लागू कशाला होईल? पण समजा, दोन वर्षांनी कंपनीने विस्तारासाठी नव्या गुंतवणूकदाराला 500 रुपये दराने 4 लाख शेअर दिले. एकूण शेअर 14 लाख झाले. जुन्या गुंतवणूकदाराचे 2 लाख तसेच आहेत, पण हिस्सा 14.29 टक्क्यांवर आला. एकही शेअर न विकता त्याची मंडळावरची जागा गेली आणि नकाराधिकारही गेला.

यावर इलाज म्हणून नव्या शेअरांमध्ये प्रमाणशीर खरेदीचा हक्क असतो. कायदाही नवे शेअर आधी जुन्या भागधारकांना देऊ करा असे सांगतो, पण विशेष ठराव केला की ते थेट बाहेरच्याला देता येतात, आणि तो ठराव प्रवर्तकांच्या मुठीत आहे. तेव्हा हा हक्क करारातच हवा. 20 टक्के टिकवायचे तर गुंतवणूकदाराला नव्यातले 80 हजार शेअर, म्हणजे 4 कोटींचे, घ्यावे लागतील. मूळ गुंतवणूक 6 कोटी होती हे पाहता हा मोठा घास आहे. पण 15 टक्क्यांची रेषा सांभाळायला 2 लाख 10 हजार शेअर पुरतात, म्हणजे आणखी फक्त 10 हजार, किंमत 50 लाख. कर्मचाऱ्यांसाठी 50 हजार शेअर पर्याय राखले असतील तर पाया साडेचौदा लाखांचा होतो आणि 17,500 शेअर घ्यावे लागतात. चांगल्या सारांशात हा हिशेब मांडलेला असतो. त्याहून बरे म्हणजे वाटाघाटीतच हक्काची रेषा टक्क्यांऐवजी मूळ शेअरांच्या संख्येवर बांधून घ्यावी: मूळ 2 लाखांपैकी निम्मे शेअर हाती आहेत तोवर हक्क कायम. मग दुसऱ्याच्या निर्णयाने आपले हक्क झिजत नाहीत.

नकाराधिकाराची यादी परिशिष्टात असते आणि ती जितकी लांब तितका गुंतवणूकदार खूश होतो. ही खुशी बहुधा अस्थानी असते. वीस-बावीस बाबींपैकी खरोखर महत्त्वाच्या पाच-सहाच असतात: नवे शेअर काढणे, नियमावली बदलणे, ठरावीक मर्यादेपलीकडचे कर्ज, मोठी मालमत्ता किंवा पूर्ण उद्योग विकणे, प्रवर्तकांच्या नातलगांशी व्यवहार, आणि धंद्याचे स्वरूप बदलणे. उद्योग विकण्याबाबत एक गैरसमज आढळतो की त्याला विशेष ठराव लागतोच. कायद्याच्या 180 व्या कलमात तसे आहे, पण जून 2015 च्या अधिसूचनेने खासगी कंपन्यांना त्यातून वगळले आहे. चाकणच्या कंपनीचे मंडळ कारखाना विकायचा ठरवू शकते. तिथे गुंतवणूकदाराला करारातला नकाराधिकार हाच काय तो आधार.

नकाराधिकार पोकळ कसा होतो, हे कर्जाच्या कलमात नीट दिसते. समजा 2 कोटींवरच्या कर्जाला गुंतवणूकदाराची संमती लागते. कंपनीने सहा महिन्यांत तीन बँकांकडून प्रत्येकी 1 कोटी 90 लाख घेतले. एकूण 5 कोटी 70 लाखांचे कर्ज झाले आणि संमतीचा प्रश्नच आला नाही. एका आर्थिक वर्षातले सगळे व्यवहार एकत्र धरून, हे शब्द कलमात असते तर हे झाले नसते. याहून सफाईदार पळवाट वार्षिक अंदाजपत्रकाची. मंजूर अंदाजपत्रकात समाविष्ट असलेल्या बाबी वगळून, अशी चार शब्दांची सूट यादीच्या वर असते. वाजवीच आहे, एकदा ठरलेल्या खर्चाला पुन्हा संमती कशाला? पण अंदाजपत्रक मंजूर करणे ही स्वतः राखीव बाब नसेल तर मंडळाचे बहुमत त्यात हवे ते कर्ज, हवी ती यंत्रखरेदी आणि प्रवर्तकाच्या भावाच्या जागेचे भाडेही घालू शकते, आणि सगळी यादी एका सभेत निकामी होते. यादी वाचण्याआधी अंदाजपत्रक तिच्यात आहे का, हे पाहावे.

मग संमती कोण देणार, हा प्रश्न. मंडळाच्या सभेत गुंतवणूकदाराच्या संचालकाने मत द्यायचे, की गुंतवणूकदाराने भागधारक म्हणून लेखी संमती द्यायची? वरवर पाहता फरक किरकोळ वाटतो. पण संचालक एकदा मंडळावर बसला की कायद्याच्या 166 व्या कलमाने त्याने कंपनीच्या आणि सर्व सभासदांच्या हिताचा विचार करायचा असतो, नेमणाऱ्याच्या हिताचा नव्हे. कंपनीला हितकारक पण गुंतवणूकदाराला नको असलेला प्रस्ताव आला तर तो कात्रीत सापडतो. भागधारकावर असे बंधन नाही, तो स्वतःचा स्वार्थ पाहून नाही म्हणू शकतो. म्हणून लेखी संमती गुंतवणूकदाराचीच असावी, हे अधिक सुरक्षित. तिथेही मुदतीचे कलम पाहावे लागते. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर संमती गृहीत धरली जाईल, असे लिहिले असेल तर दिवाळीच्या सुट्टीत आलेला ईमेल महागात पडतो.

करारात असलेला हक्क कंपनीवर बंधनकारक असतोच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या खटल्यात 1991 मध्ये सांगितले की शेअर हस्तांतरावरचे जे निर्बंध कंपनीच्या आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये, म्हणजे नियमावलीत, नाहीत ते कंपनीला आणि भागधारकांना बांधत नाहीत. तो एका कुटुंबाच्या खासगी कंपनीतला तंटा होता. कुटुंबाच्या दोन शाखांनी शेअर आपापल्या शाखेतच ठेवायचे असे आपसांत ठरवले होते, पण नियमावलीत ते लिहिले नव्हते. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये वर्ल्ड फोन इंडियाच्या प्रकरणात तोच न्याय नकाराधिकाराला लावला. त्यामुळे सारांश काढणाऱ्याने करारासोबत कंपनीची नोंदणीकृत नियमावली मागवून दोन्ही कलमवार ताडून पाहणे भाग आहे. ती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून मिळते. पुष्कळदा करारावर सह्या होतात, पैसे जमा होतात आणि नियमावलीतली दुरुस्ती मागाहून करू म्हणून राहून जाते.

नियमावलीत हक्क घातले तरी एक भोक उरते. नियमावली विशेष ठरावाने बदलता येते आणि आपल्या उदाहरणातल्या प्रवर्तकांकडे 80 टक्के मते आहेत. यासाठी कायद्याच्या पाचव्या कलमात एक सोय आहे. काही तरतुदी विशेष ठरावाहून कडक अटींवरच बदलता येतील असे नियमावलीत घालता येते. अस्तित्वात असलेल्या खासगी कंपनीत अशी तरतूद घालायला सर्व सभासदांची संमती लागते. ती पैसे देण्याच्या दिवशी सहज मिळते, पुढे कधीच मिळत नाही.

शेअर विकण्यावरचे निर्बंध दोन दिशांनी वाचावे लागतात: प्रवर्तकाला काय बांधते आणि गुंतवणूकदाराला काय. प्रवर्तकावर तीन-चार वर्षांचा लॉक-इन असतो, कारण पैसे माणसावर लावलेले असतात. गुंतवणूकदारावर बहुधा प्रवर्तकाचा पहिला नकार किंवा पहिला प्रस्ताव यापैकी एक हक्क असतो. पहिल्या नकाराच्या हक्कात गुंतवणूकदाराने बाहेरचा ग्राहक शोधून भाव ठरवायचा आणि मग त्याच भावाने प्रवर्तकाने घ्यायचे की नाही हे सांगायचे. कागदावर न्याय्य दिसते. पण आपण मेहनत करून तपासणी करायची, भाव द्यायचा आणि शेवटी माल दुसऱ्यानेच उचलायचा, हे ठाऊक असताना गंभीर ग्राहक पुढे येत नाही किंवा पडता भाव देतो. पहिल्या प्रस्तावाच्या हक्कात प्रवर्तक आधी आपला भाव सांगतो आणि गुंतवणूकदार त्याहून चढ्या भावाने बाहेर विकायला मोकळा होतो. विकणाऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा प्रकार कितीतरी बरा. सारांशात दोन्हींना नुसता प्रथम हक्क म्हणणे ही मोठी चूक आहे. याच जोडीला स्पर्धकाला विकायचे नाही, अशी अट असते. स्पर्धकाची व्याख्या यादीने केलेली बरी. वाहन उद्योगातली कोणतीही व्यक्ती, अशी व्याख्या असेल तर शेअर घ्यायला माणूसच उरत नाही.

हस्तांतराचे कलम ढिले असले की काय होते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीत सरकारच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचे 27 टक्के आणि बजाज ऑटोचे 24 टक्के शेअर होते. एकाने विकायचे ठरवले तर आधी दुसऱ्याला द्यायचे, असे त्यांच्यात ठरले होते. 2003 मध्ये महामंडळाने आपला हिस्सा बजाजला देऊ केला, पण भाव जुळेना. लवादाने 2006 मध्ये शेअरमागे 151.63 रुपये भाव ठरवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने 2010 मध्ये तो निवाडा रद्द केला, कारण ही पब्लिक कंपनी आणि तिचे शेअर मुक्तपणे विकता आले पाहिजेत. 2015 मध्ये खंडपीठाने हा निकाल फिरवला. हिस्सा प्रत्यक्ष बजाज समूहाकडे गेला तो सर्वोच्च न्यायालयातला वाद संपल्यावर, 2019 मध्ये, आणि तोवर शेअरचा बाजारभाव त्या 151 रुपयांच्या अनेक पटींनी वर गेला होता. आता 2013 च्या कायद्याने भागधारकांमधल्या अशा करारांना पब्लिक कंपनीतही करार म्हणून मान्यता दिली आहे. भाव कसा ठरेल, कोणत्या तारखेचा धरला जाईल आणि किती दिवसांत, हे मात्र आजही करारातच लिहावे लागते.

प्रवर्तक स्वतः विकू लागला तर गुंतवणूकदाराला टॅग अलाँग, म्हणजे त्याच भावाने त्याच ग्राहकाला सोबत विकण्याचा हक्क असतो. मूळच्या 10 लाख शेअरांवर परत येऊ. एक मोठी कंपनी प्रवर्तकांकडून 4 लाख शेअर घ्यायला तयार झाली. प्रमाणशीर टॅग असेल तर गुंतवणूकदार त्या 4 लाखांत आपल्या 20 टक्क्यांएवढे, म्हणजे 80 हजार शेअर घालू शकतो आणि प्रवर्तक 3 लाख 20 हजार विकतात. आता ग्राहकाकडे 40 टक्के, प्रवर्तकांकडे 48 आणि गुंतवणूकदाराकडे 12 टक्के राहिले. ज्या प्रवर्तकावर विसंबून पैसे घातले तो निम्म्याखाली आला, कंपनीत एक अनोळखी बडा मालक आला आणि गुंतवणूकदार स्वतः 15 टक्क्यांच्या रेषेखाली जाऊन आपले हक्क गमावून बसला. टॅग वापरल्यामुळेच हे घडले. म्हणून प्रवर्तकांचा हिस्सा 51 टक्क्यांखाली जाणार असेल तर गुंतवणूकदाराला आपले सगळे शेअर विकता येतील, असा पूर्ण टॅग हवा. शिवाय प्रवर्तकांचे शेअर एखाद्या कौटुंबिक कंपनीच्या नावावर असतील तर ते ती कंपनीच विकू शकतात. चाकणच्या कंपनीत कागदोपत्री काहीच हलत नाही आणि टॅग झोपून राहतो. अप्रत्यक्ष हस्तांतर, हे दोन शब्द त्यासाठी असतात.

ड्रॅग अलाँग म्हणजे याची उलट बाजू, दुसऱ्याला ओढून नेत विकायला लावणे. हा हक्क प्रवर्तकाकडे असेल तर किमान भावाची अट पाहावी, आणि ग्राहकाला द्यावयाच्या हम्यांत गुंतवणूकदाराने फक्त आपल्या शेअरांच्या मालकीची हमी द्यायची, कंपनीच्या जुन्या करथकबाकीची नव्हे, हे पाहावे. बाकी त्यात विशेष गुंतागुंत नाही.

शेवट बाहेर पडण्याचा. हे कलम पायऱ्यांचे असते: अमुक तारखेपर्यंत शेअर बाजारात नोंदणी, ती झाली नाही तर बाहेरच्या ग्राहकाला विक्री, तीही झाली नाही तर कंपनीने किंवा प्रवर्तकाने शेअर परत घेणे. पहिल्या दोन पायऱ्यांवर कंपनी प्रामाणिक प्रयत्न करील, एवढेच वचन असते आणि प्रयत्न फसल्याची भरपाई कोणी देत नाही. नोंदणीच्या पायरीवर आणखी एक सापळा आहे. कंपनी पब्लिक होताना गुंतवणूकदाराचे विशेष हक्क काढून टाकावे लागतात आणि नियमावली त्याआधीच बदलली जाते. बाजार पडला, विक्री रद्द झाली, तर ठरावीक महिन्यांत जुनी नियमावली पुन्हा लागू करण्याचे वचन करारात नसेल तर गुंतवणूकदार ना नोंदणीकृत कंपनीत, ना आपल्या हक्कांसह, असा अधांतरी राहतो.

तिसऱ्या पायरीचा हिशेब सारांशात मांडायलाच हवा. समजा पाच वर्षांनी शेअरचा वाजवी भाव 900 रुपये निघाला. 2 लाख शेअरांचे 18 कोटी झाले. कंपनीने शेअर परत घ्यायचे तर कायद्याने वसूल भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या 25 टक्क्यांपर्यंतच रक्कम वापरता येते. दोन्ही मिळून 24 कोटी असतील तर वर्षाला 6 कोटी. दोन खरेद्यांमध्ये वर्षाचे अंतर लागते, म्हणजे सगळे सुरळीत चालले तरी तीन खेपा. त्यातही परत खरेदीचा प्रस्ताव सर्व भागधारकांना प्रमाणात द्यावा लागतो, म्हणून प्रवर्तकांनी त्यात भाग न घेण्याचे वचन आधीच दिलेले असावे. आणि ज्या कंपनीला ना नोंदणी जमली ना ग्राहक मिळाला, तिच्याकडे राखीव निधी भरपूर असेल, ही आशाच मुळात भाबडी. तेव्हा शेवटची पायरी प्रवर्तकावरच्या पुट ऑप्शनची, म्हणजे गुंतवणूकदाराने विकतो म्हटले की प्रवर्तकाने घेतलेच पाहिजे, अशी असावी लागते. तिथे प्रवर्तकाची ऐपत आणि त्याने पाळले नाही तर गुंतवणूकदाराला मिळणारा उपाय, उदाहरणार्थ संपूर्ण कंपनी विकायला लावण्याचा ड्रॅगचा हक्क, या दोन गोष्टींवर सगळे ठरते.

गुंतवणूकदार परदेशी असेल तर यात परकीय चलन कायदा येतो. जपानच्या एनटीटी डोकोमोने 2009 मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसचे 26.5 टक्के शेअर घेतले. कंपनीने ठरलेली उद्दिष्टे गाठली नाहीत तर टाटा सन्सने डोकोमोच्या शेअरांना ग्राहक शोधून द्यायचा, आणि भाव वाजवी मूल्य किंवा मूळ किमतीच्या निम्मा, यांतला जो जास्त तो, असे करारात होते. 2014 मध्ये डोकोमोने हा हक्क बजावला. निम्मा भाव शेअरमागे 58.045 रुपये होत होता, वाजवी मूल्य मात्र 23.34 रुपये निघाले. आधीच ठरलेल्या भावाने परदेशी गुंतवणूकदाराला बाहेर पडू देणे नियमांत बसत नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेने परवानगी नाकारली. डोकोमो लंडनच्या लवादात गेली आणि जून 2016 मध्ये तिला सुमारे 117 कोटी डॉलरचा निवाडा मिळाला. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये तो अंमलात आणायला मान्यता दिली. ही रक्कम शेअरची किंमत नसून ग्राहक शोधण्याचे वचन मोडल्याची नुकसानभरपाई आहे, असा त्यामागचा आधार होता. कलम नुसते शेअर परत घेण्याचे असते तर हा आधार मिळणे अवघड होते. निम्मे पैसे परत मिळवायला देखील डोकोमोला तीन वर्षे लागली.